बरणीचे बूड काय सांगते: झिलई, छाप आणि टेकूचे व्रण



सिकंदराबादच्या एकाच गल्लीत एकाच वस्तूला तीन नावे ऐकू येतात. मराठी घरात ती बरणी, शेजारच्या तेलुगू घरात जाडी आणि पलीकडच्या उर्दू बोलणाऱ्या घरात मर्तबान. तिन्ही घरांत तिच्यात लोणचेच असते. तिसरे नाव सर्वांत बोलके आहे, कारण ते एका बंदराचे नाव आहे. ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून झिलईचे मोठे रांजण जहाजांवर चढत, म्हणून त्या रांजणांनाच मर्तबान म्हणू लागले. चौदाव्या शतकात इब्न बतूताने आपल्या प्रवासवृत्तांत मिरवलेल्या आले, मिरी, लिंबू आणि आंब्याने भरलेल्या मर्तबानांचा उल्लेख केला आहे. म्हणजे लोणचे आणि झिलईची बरणी यांची सोबत फार जुनी आहे.

पण आपल्या माळ्यावरची बरणी किती जुनी, हा वेगळा प्रश्न आहे आणि आज मी तेवढ्याचेच उत्तर शोधणार आहे. घर मोडून फ्लॅटमध्ये जाताना, भावाभावांत सामान वाटताना, किंवा जुम्मेरात बाजारातला विक्रेता 'दीडशे वर्षांची आहे' असे सांगून भाव करताना हा प्रश्न येतो. आपल्याकडे तो सहसा आठवणीवर सोडवला जातो, 'आजीच्या लग्नात आलेली' असे म्हणून. आठवण खोटी नसते, पण ती बऱ्याचदा एका बरणीची असून दुसऱ्या बरणीला चिकटते. वस्तूला स्वतःला विचारले तर ती अधिक नेमके बोलते. विचारायचे तीन ठिकाणी: अंगावरची झिलई, बुडाचे व काठाचे व्रण आणि ठोकलेला छाप.

उत्तर एका सालाच्या रूपात मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. प्रत्येक खूण 'याच्या आधीची नाही' किंवा 'याच्या नंतरची नसावी' एवढेच सांगते. अशा दोन-तीन खुणा एकत्र आल्या की मधला काळ आवळत जातो. लक्षणे एकेक करून पाहायची आणि एकाच लक्षणावर निदान ठोकायचे नाही, ही माझ्या व्यवसायातली शिस्त इथेही उपयोगी पडते.

आधी माती

बरणी उलटी करावी. बुडाचा जो भाग टेकतो तिथे बहुधा झिलई नसते, उघडी माती दिसते. त्या मातीवर पाण्याचा एक थेंब ठेवावा आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. थेंब जसाच्या तसा राहिला तर ती माती सुमारे बाराशे अंश सेल्सियसला भाजून आतून दगडासारखी एकजीव झालेली आहे. इंग्रजीतून आलेला 'स्टोनवेअर' हा शब्द कारखान्यांत आजही यासाठीच वापरतात. थेंब शोषला जाऊन ओला डाग उरला तर माती कमी तापमानाला भाजलेली, सच्छिद्र आहे. ती तांबूस किंवा पिवळसर असते आणि टिचकी मारल्यावर तिचा आवाज बद्द येतो. स्टोनवेअरचा आवाज घंटेसारखा निघतो, अर्थात तडा नसेल तर.

हा भेद वयासाठी लागतोच, पण मी डॉक्टर असल्यामुळे त्याचे दुसरे कारणही सांगतो. कमी तापमानाला वितळणारी चकचकीत झिलई करायची सोपी जुनी रीत म्हणजे तिच्यात शिसे घालणे. लोणच्यातले आंबट आणि मीठ मिळून महिनोन्महिने त्या झिलईतून शिसे ओढून घेऊ शकतात. बाराशे अंशांच्या झिलईला शिशाची गरज नसते. म्हणून थेंब शोषणारी, झिलई लावलेली जुनी बरणी घरात शोभेला ठेवावी, तिच्यात लोणचे घालू नये. शिसे आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. ते प्रयोगशाळेत तपासता येते, पण तपासणी होईपर्यंत बरणी रिकामीच बरी.

झिलईचे दोन मार्ग

आपल्याकडे जुनी म्हणून ओळखली जाणारी बरणी बहुधा दोन रंगांची असते. गळा आणि खांदे तपकिरी किंवा मधाच्या रंगाचे, खाली पोट मलईच्या रंगाचे. हे दोन रंग पाहून लोक सगळ्या बरण्या एकाच काळात टाकतात. पण हे रूप दोन वेगळ्या रीतींनी येते, आणि त्या रीती एकामागून एक आल्या.

पहिली रीत मिठाची. भट्टी पुरती तापली की तिच्या भोकांतून मूठमूठ मीठ आत टाकत. मिठाची वाफ होई, त्यातला सोडियम मातीतल्या वाळूच्या अंशाशी एकजीव होऊन बरणीच्या अंगावरच काच तयार करी, आणि धुराड्यातून आम्लाचा झोंबणारा धूर बाहेर पडे. कच्च्या बरणीचा वरचा भाग आधी लोहमिश्रित पातळ मातीत बुडवला असेल तर तो तपकिरी होई आणि खालचा फिका राही. या झिलईची खूण डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळते: ती संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत, बारीक ठिपक्यांची असते. दुसरी खूण आत असते. अरुंद तोंडाच्या भांड्यात वाफ नीट शिरत नाही, म्हणून आत वेगळी तपकिरी झिलई ओतून फिरवलेली असते किंवा आतला भाग निस्तेज राहतो. तिसरी खूण खांद्यावर. मिठाने भट्टीच्या घुमटाच्या विटांवरही काच चढते आणि कधी कधी तिचा वितळलेला थेंब खाली पडतो. खांद्यावर हिरवट-काळसर काचेचा असा एखादा थेंब दिसला तर ते भट्टीच्या छताचे देणे आहे.

दुसरी रीत इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातून आली. १८३५च्या सुमारास तिथल्या विल्यम पॉवेल याच्या कारखान्यात जस्ताचे भस्म आणि फेल्डस्पार नावाचा खनिज दगड असलेली पातळ झिलई तयार झाली. कच्ची बरणी त्यात बुडवायची आणि एकाच भाजणीत माती व झिलई दोन्ही पक्की करायची. मीठ नको, धूर नको, शिसेही नको. बरणी उलटी धरून खांद्यापर्यंत पिवळसर-तपकिरी द्रावात बुडवत, मग गळा धरून खालचा भाग पांढऱ्या द्रावात. दोन रंग जिथे भेटतात तिथे थोडे एकावर एक येतात. ही झिलई गुळगुळीत, रेशमी, किंचित दुधाळ असते. संत्र्याची साल तिच्यात नसते, फार तर सुईच्या टोकाएवढी भोके दिसतात.

म्हणून दोन रंगांच्या बरणीवरून आधी बोट फिरवावे. गुळगुळीत दुधाळ झिलई असेल तर ती १८३५च्या आधीची नाही, एवढे पक्के झाले. खडबडीत असेल तर मात्र 'आधीचीच' असे म्हणता येत नाही, कारण नवी रीत आली म्हणून जुनी बंद पडली नाही. आपल्या शहरांतल्या सांडपाण्याच्या तपकिरी नळांवर मिठाची झिलई विसाव्या शतकातही चढवली जात होती. संत्र्याची साल कशी दिसते हे शिकायचे असेल तर जुन्या घराच्या आवारात पडलेला तसा नळाचा तुकडा सर्वांत चांगला मास्तर आहे.

दोन रंगांची सीमारेषाही पाहावी. हाताने बुडवलेल्या बरणीत ती किंचित तिरपी असते, एका बाजूला वर चढते आणि झिलया एकमेकींवर आल्या तिथे गडद पट्टा दिसतो. कधी कधी धरणाऱ्याच्या बोटांचे फिके ठसे उरतात. फवाऱ्याने रंगवलेल्या अलीकडच्या बरणीत रेषेची कड धुरकट असते, तपकिरीचे बारीक शिंतोडे पांढऱ्यावर उडालेले असतात. भिंगातून हा फरक लगेच दिसतो.

टेकूचे व्रण

झिलई म्हणजे वितळलेली काच. भट्टीत बरणी ज्याला टेकेल त्याला ती चिकटणार, आणि सुटताना काहीतरी मागे ठेवणार. भट्टीत जागा महाग असते, कोळसा महाग असतो, म्हणून बरण्या एकावर एक रचतात. चिकटू नयेत यासाठी कारखानदार जी युक्ती करी तिची खूण बरणीवर कायमची राहते. ती कोणी मुद्दाम कोरलेली नसते आणि विकणाऱ्याचे तिकडे लक्षही नसते, म्हणून मी तिच्यावर छापापेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

मिठाच्या भट्टीत वाफ सगळीकडे जाते, टेकूंवरही काच चढते. त्यामुळे दोन भांड्यांमध्ये वाळू मिसळलेल्या मातीच्या चपट्या गोळ्या ठेवत. भाजणीनंतर गोळ्या ठोकून काढल्या की त्यांच्या खालची जागा कोरडी, फिकी, झिलईविना राहते. बुडाच्या कडेला किंवा खांद्यावर असे तीन-चार अंगठ्याएवढे निस्तेज डाग गोलात दिसले, आणि त्यांच्याभोवती संत्र्याची साल असेल, तर दोन्ही साक्षी जुळल्या. डाग खांद्यावर असतील तर त्या बरणीवर दुसरे भांडे बसले होते. डागांच्या गोलाचा व्यास मोजला तर वरच्या भांड्याचे बूड केवढे होते तेही कळते.

बुडवलेल्या झिलईच्या बरणीची रीत निराळी. तिचे बूड ओल्या फडक्याने पुसून घेत आणि ती वाळू शिंपडलेल्या फरशीवर ठेवत. अशा बुडाला बारीक वाळूचे कण रुतून बसलेले असतात, हाताला खरखर लागते. पुसण्याची रेषा वाकडीतिकडी असते. काठाची वरची कडही कोरडी सापडते, कारण त्यावर दुसरी बरणी उलटी ठेवली जाई किंवा झाकण तिथेच ठेवून भाजले जाई. पुढे भट्टीत सपाट फळ्या आणि खांब आले, एकावर एक रचण्याची गरज कमी झाली, आणि बूड यंत्रावर एकसारखे पुसले जाऊ लागले. अशा बरणीचे बूड स्वच्छ असते, झिलईची रेषा कंपासने काढल्यासारखी, वाळू नाही, व्रण नाही. हे बुडाचे रूप दिसले तर छापावर काहीही लिहिलेले असो, मी ती बरणी अलीकडची धरतो.

तिसरा प्रकार फसवा. बूड सगळे झिलईने झाकलेले आणि त्यावर त्रिकोणात तीन बारीक टोचे. हे तीन पायांच्या टोकदार टेकूचे व्रण. लोकांना ते फार जुने वाटतात. पण तसली अणकुचीदार टोके बाराशे अंशांत जड बरणीखाली वाकतात, म्हणून ती बहुधा कमी तापमानाच्या भांड्यांना वापरली जातात. तीन टोचे दिसले की वयाचा विचार नंतर करावा, आधी पाण्याच्या थेंबाची परीक्षा घ्यावी.

बुडाकडे पाहताना आणखी एक ओळ वाचता येते. चाकावर घडवलेली बरणी तारेने कापून सुटी करतात. चाक फिरत असताना कापले तर बुडावर शिंपल्यासारख्या वळणाच्या रेषा उमटतात, थांबवून कापले तर सरळ समांतर. आत हात घातला तर बोटांना पायऱ्या लागतात. साच्यात घातलेल्या बरणीत या दोन्ही खुणा नसतात. बाहेर उभी शिवण चाचपडली तर सापडते. मात्र हातकाम म्हणजे जुने असे समजू नये, चाकावरच्या बरण्या आजही होतात.

छाप, शेवटी

आता छाप. तो बुडाजवळ किंवा खांद्यावर कच्च्या मातीत ठोकलेला असतो आणि त्यात झिलई साचल्यामुळे वाचता येत नाही. त्यावर घासू नये, खडू किंवा लोखंडी खिळा तर मुळीच नाही. चिमूटभर बारीक रांगोळी छापावर दाबून भरावी, वरची ओल्या बोटाने हलकेच पुसावी आणि खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरावा. अक्षरे उठतात. वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली तर नक्कल मिळते.

सिकंदराबाद ही छावणी. इथे १८०६पासून इंग्रजी फौज होती, १८७४ साली रेल्वे आली, त्यामुळे विलायती दगडी भांडी इथे भरपूर उतरली: शाईच्या बाटल्या, जिंजरबिअरच्या बाटल्या, व्हिनेगरचे बुधले. रिकामी झाल्यावर ती बाजारात आणि तिथून घराघरांत गेली. त्यांवर लंडनमधल्या लॅम्बेथ इथल्या डौल्टनचे किंवा डर्बीशायरच्या डेन्बी इथल्या बोर्नचे नाव दिसू शकते. कारखान्याच्या नावात झालेले बदल आपले काम करतात. 'डौल्टन अँड वॉट्स' असेल तर ते १८५४च्या आसपासचे किंवा आधीचे, कारण तेव्हा वॉट्स भागीदारीतून निवृत्त झाला. 'रॉयल डौल्टन' असेल तर विसाव्या शतकातले. लॅम्बेथचा कारखाना १९५६ साली बंद झाला. डेन्बीच्या छापात 'बोर्न अँड सन' असेल तर ते १८५० किंवा नंतरचे.

देशी बरण्यांत बंगालमधल्या राणीगंजची बर्न कंपनी, जबलपूरचे कारखाने आणि काठियावाडातले थान, मोरबी, वांकानेर इथले कारखाने ही नावे महत्त्वाची. थानच्या उद्योगाशी परशुराम गणपुले या मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे. त्यांच्या नावाची परशुराम पॉटरी सौराष्ट्रात पुष्कळ काळ नांदली. उत्तर प्रदेशातल्या खुर्जा आणि चुनार इथूनही बरण्या येत राहिल्या, आणि खुर्जातून अजून येतात.

ठिकाणाच्या नावावरून काळ ओढण्याचा मोह होतो, तो आवरावा. मोरबीचे इंग्रजी स्पेलिंग संस्थानाच्या काळात 'मोरवी' होते. म्हणून 'मोरवी' दिसले की संस्थानकाळ, असे काही जण म्हणतात. पण ते स्पेलिंग स्वातंत्र्यानंतरही दशकानुदशके चालू होते, १९७९च्या धरणफुटीच्या बातम्यांतही ते आहे. 'सौराष्ट्र' हेही तसेच: ते राज्य १९४८ ते १९५६ एवढेच होते, पण प्रदेशाचे नाव म्हणून आजही पत्त्यात लिहितात. शिवाय पितळी किंवा भाजलेल्या मातीचा छाप झिजेपर्यंत वापरला जातो. मालक बदलला, राज्य बदलले तरी शिक्का तोच.

त्यापेक्षा कामाची गोष्ट म्हणजे नावाशेजारचा आकडा. अनेक बरण्यांवर एक, दोन, तीन असा नुसता अंक असतो. तो कसला हे ठरवायला बरणीत मापाच्या भांड्याने गळ्याच्या खाचेपर्यंत पाणी भरावे. इंग्रजी गॅलन म्हणजे साधारण साडेचार लिटर. अंक दोन आणि पाणी नऊ लिटरच्या आसपास बसले तर माप गॅलनचे. आपल्या देशात दशमान वजनमापे १९५८पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२पर्यंत जुनी मापे व्यवहारातून काढून टाकण्याचे ठरले. म्हणून गॅलनची बरणी बहुधा त्या वळणाच्या आधीची किंवा लगेच नंतरची, आणि लिटर-किलोचा छाप असलेली बरणी मात्र नक्की नंतरची.

इथे एक खाचखळगा आहे. दोन गॅलन पाणी म्हणजे सुमारे नऊ किलो नव्वद ग्रॅम, आणि ऐंशी तोळ्यांच्या शेराने दहा शेर पाणी म्हणजे सुमारे नऊ किलो तीनशे तीस ग्रॅम. हाताने घडवलेल्या बरण्यांत एवढा फरक एकाच भट्टीतल्या दोन भावंडांतही सापडतो. म्हणून मोजमापाने गॅलन की शेर हे नेमके ठरत नाही. अंक ठरवतो: दोन असेल तर गॅलन, दहा असेल तर शेर.

एका घरातल्या दोन बरण्या

आता हे सगळे एका उदाहरणावर लावून पाहू. मारेडपल्लीतल्या एका मराठी कुटुंबाने जुने घर विकले. दोन बरण्या होत्या. एक मोठी, दोन रंगांची, दर वर्षी कैरीचे लोणचे घालून दादरा बांधून ठेवली जाणारी. ती पणजीच्या लग्नात, म्हणजे १९१०च्या आसपास आली, असे घरात मानत. थोरल्या आणि धाकट्या जावेत ती कोणी न्यायची यावरून बोलणे थांबले होते. दुसरी ठेंगणी, काळपट, न्हाणीघरात कोळसे ठेवायची. ती भंगारवाल्याला द्यायची होती.

मोठीच्या उघड्या बुडावर थेंब टिकला, म्हणजे स्टोनवेअर. झिलई गुळगुळीत, दुधाळ, म्हणजे बुडवलेली. रंगांची रेषा एका बाजूला बोटभर वर चढलेली, गडद पट्ट्यासह, म्हणजे हाताने बुडवलेली. बुडाला वाळू रुतलेली, पुसण्याची रेषा वाकडी, काठ कोरडा, म्हणजे फळ्यांची नवी भट्टी नाही. रांगोळी भरल्यावर लंबगोल छापात फक्त 'मोरवी' आणि खाली दोन एवढे वाचता आले. गळ्याच्या खाचेपर्यंत पाणी नऊ लिटर आणि वर एक पेला. म्हणजे दोन गॅलन.

जुळवणी अशी. झिलई सांगते, १८३५च्या आधीची नाही. हे खरे असले तरी इथे ढिले आहे. ठिकाण सांगते, मोरबीचा कारखानदारी माल, म्हणजे विसावे शतक. काठियावाडातल्या या उद्योगाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर बाळसे धरले, म्हणून १९१०चे लग्न तिला फार लवकरचे पडते. गॅलन सांगतो, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीनंतरची नसावी. बुडाची वाळू या सगळ्याला छेद देत नाही. माझे उत्तर: १९२० ते १९६२ यांमधली, आणि यापेक्षा जवळ आणणारी खूण तिच्यावर नाही. पणजीच्या लग्नातली नाही, पण तिच्या लेकीच्या किंवा सुनेच्या संसारात आलेली असू शकते.

ठेंगणीला भिंग लावले. काजळी साबणाच्या पाण्याने धुतल्यावर वर तपकिरी, खाली फिकी माती दिसली. म्हणजे तीही दोन रंगांचीच होती. पण बोटाला संत्र्याची साल लागली. आत वेगळी तपकिरी झिलई. बुडाच्या कडेला तीन निस्तेज डाग, सारख्या अंतरावर. खांद्याशी छाप: 'डौल्टन', खाली 'लॅम्बेथ'. 'वॉट्स' नाही, 'रॉयल' नाही. वॉट्स नाही म्हणजे १८५४च्या सुमाराच्या आधीची नाही. कारखाना बंद झाला म्हणजे १९५६च्या नंतरची नाही. 'रॉयल' नसणे हे विसाव्या शतकाच्या आरंभाआधीकडे कल दाखवते, पण साध्या उपयोगाच्या भांड्यावर सगळे शब्द ठोकलेच जात असे नाही, म्हणून मी त्याला कल म्हणतो, पुरावा म्हणत नाही. छावणीच्या गावात अशी बरणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी असणे अगदी स्वाभाविक आहे.

म्हणजे पणजीच्या लग्नाच्या काळात घरात असू शकणारी बरणी होती, पण ती कोळशाची. घरातली आठवण जुनीच होती, फक्त ती लोणच्याच्या बरणीवर जाऊन बसली होती. दोन्ही जावांकडे एकेक बरणी गेली. मोठी लोणच्यासाठी, ठेंगणी कपाटावर.

नवे म्हातारपण

शेवटी एक इशारा. जुन्या बरण्यांना भाव आल्यापासून नव्यांना म्हातारे करणेही आले. सोपी युक्ती म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचे पाणी. ते उघड्या मातीवर आणि बारीक तड्यांत तपकिरी डाग सोडते. असा डाग 'क' जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून कापसाने लावला की काही क्षणांत फिका पडतो. तेल-तिखटाने वर्षानुवर्षे पडलेला डाग तसा जात नाही. खरी झीजही ठिकाण पाहून ओळखावी. ती टेकणाऱ्या कडेवर, झाकण फिरते त्या काठावर आणि हात पडतो त्या खांद्यावर असते. सगळीकडे सारखी झीज असेल तर ती घासकागदाची.

झिलईवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या तड्यांना वयाचा पुरावा मानू नये. माती आणि झिलई वेगवेगळ्या आकुंचन पावल्या तर ते भट्टीतून निघाल्यावर लगेचही पडतात. तसेच बाहेरच्या अंगावर मिठाची पांढरी बुरशीसारखी पूड येत असेल तर तीही वय सांगत नाही. आतले खारे पाणी मातीतून बाहेर झिरपते आहे, एवढेच ती सांगते. मीठ कोरडे होताना फुगते आणि झिलईचे कपचे उडवते. अशा बरणीतून लोणचे काढून घ्यावे, ती आठ-दहा दिवस रोज बदललेल्या साध्या पाण्यात भिजत ठेवावी आणि मग कोरड्या वस्तूंना द्यावी.

प्रत्येक बरणीच्या आत एक चिठ्ठी ठेवावी असे मी सुचवतो. तिच्यावर पाण्याच्या थेंबाचा निकाल, झिलईचा स्पर्श, बुडाच्या व्रणांची संख्या व जागा, छापातली वाचता आलेली अक्षरे आणि पाण्याचे माप एवढे लिहावे. खाली दोन साले: याच्या आधीची नाही, याच्या नंतरची नसावी. घरातली गोष्ट असेल तर ती वेगळ्या ओळीत लिहावी, कोणी सांगितली त्याच्या नात्यासह. पुढे कधी आणखी एखादी खूण सापडली तर त्या दोन सालांपैकी एक खोडता येईल.